जुन्या कंपनीकडची दोन पत्रं

रिलिव्हिंग लेटर सांगतं की राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला तुम्ही कामातून मोकळे झालात. एक्सपिरियन्स लेटरमध्ये रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, हुद्दा आणि बहुधा वर्तणुकीबद्दल एखादं वाक्य असतं.

मागताना फोनवर विसंबू नका. एचआरला ईमेल करा: एम्प्लॉयी कोड, दोन्ही तारखा, हुद्दा लिहा, राजीनामा मंजुरीचा मेल जोडा. लॅपटॉप परत करणं किंवा नोटीस पीरियडची वसुली बाकी असेल, तर पत्र बहुतेक तिथंच अडतं. म्हणून काय बाकी आहे हे लेखी विचारा. उत्तर नाही आलं, तर स्पीड पोस्टानं अर्ज पाठवून पोच जपा. तोवर नव्या कंपनीला नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ दाखवा.

पत्र हाती येताच त्यातली शेवटची तारीख पीएफच्या नोंदीशी ताडून पाहा. फरक असल्यास लगेच दुरुस्ती मागा.