व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपची चावी हरवली? जुना फोन इतक्यात विकू नका

समजा, एका दुकानदाराने नवा फोन घेतला. सिम तेच, ओटीपीही आला. गुगल ड्राइव्हवर बॅकअप सापडल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं आणि पुढच्याच स्क्रीनवर पासवर्ड मागितला. तीन वर्षांच्या ऑर्डरी, उधारीचे हिशेब त्या चॅटमध्ये आहेत. त्यांनी सहा अंकी पिन टाकला, तो चालला नाही.

चालणारही नाही. तो पिन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याच्या दाराचा. बॅकअपचं कुलूप वेगळं आहे. पिन विसरला आणि आधी ईमेल जोडलेला असेल, तर तो बदलता येतो. बॅकअपच्या पासवर्डसाठी मात्र ‘फरगॉट पासवर्ड’चा मेल येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप आणला, तेव्हा दोन पर्याय दिले. एक, स्वतःचा पासवर्ड. यात खरी चावी कंपनीच्या एका खास सुरक्षित यंत्रणेत राहते आणि योग्य पासवर्ड दिला तरच मिळते. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडली, की ही यंत्रणा चावी कायमची बंद करते. म्हणून अंदाजाने पासवर्ड टाकत बसणं धोक्याचं. दुसरा पर्याय ६४ अक्षरी चावीचा. ती कंपनीकडे जातच नाही, तुम्ही लिहून ठेवली असेल तेवढीच. ती अंदाजाने ओळखणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे ‘पैसे द्या, बॅकअप उघडून देतो’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता जुना फोन कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे. तो चालू असेल आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप उघडत असेल, तर जुना पासवर्ड आठवायची गरजच नाही. Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup इथे जाऊन फोनच्या लॉकने ओळख पटवली, की नवा पासवर्ड ठेवता येतो. मग नवा बॅकअप घ्यायचा. किंवा Transfer chats वापरून क्यूआर कोडने चॅट थेट नव्या फोनमध्ये न्यायची, ड्राइव्हची गरजच नाही.

अडचण एकच. नव्या फोनवर नोंदणी झाली की जुन्यातलं खातं लॉगआउट होतं. तरीही तिथलं अ‍ॅप काढून टाकू नका. त्याच नंबरने जुन्या फोनवर पुन्हा नोंदणी केली, तर चॅट बहुतेक वेळा जागेवरच असतात. फक्त डिस्प्ले फुटला असेल, तर आधी तो बदलून घेणं हा खर्च वाया जात नाही.

फोन कायमचा गेला असेल आणि चावीही नसेल, तर चॅट परत मिळत नाहीत. पण चावी जुन्या डायरीत किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये सापडेल अशी आशा असेल, तर नव्या फोनवर बॅकअप सुरू करू नका. ड्राइव्हवर नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, मग चावी सापडूनही उपयोग नाही. अँड्रॉइडवर फोटो-व्हिडिओ मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, कुलपाशिवाय असतात. गुगल फोटोजमध्ये ते आपोआप जात होते का, हे तपासा.