सिग्मा पुरुष नेमका कोणाला हसतो?

सूट, कानाला हेडफोन, निर्विकार चेहरा, पाठीमागे दणदणीत संगीत आणि खाली ‘सिग्मा नियम’. चित्रपटातल्या पॅट्रिक बेटमनचं हे मीम पहिल्या नजरेत यशस्वी पुरुषाची आरतीच वाटतं.

आता मजकूर वाचा. ‘आई जेवायला बोलावते, सिग्मा उत्तर देत नाही.’ एवढ्या थाटात एवढी क्षुल्लक कृती दिसली, की समजावं: टोपी सिग्मावाल्यांचीच उडवली जातेय.

खालचा थर मूळ चित्रपटात आहे. मेरी हॅरन यांचा ‘अमेरिकन सायको’ (2000) हेच पौरुष सोलून काढतो. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग आठवा: सगळे व्हाइस प्रेसिडेंट, कार्डं जवळपास सारखीच, तरी दुसऱ्याचं कार्ड पाहून बेटमनला घाम फुटतो. त्यात ‘Acquisitions’मधला c गायब, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नाही! ज्याला सहकारी भलत्याच नावाने ओळखतात, तो एकांडा वाघ कसला?

पंचाईत अशी, की काही जण हेच मीम मनापासून शेअर करतात. तिथे चित्र उपयोगाचं नाही; पोस्ट करणाऱ्याच्या आधीच्या चार पोस्ट पाहाव्यात. त्यातही पहाटे चारला उठण्याचे उपदेश असतील, तर तो थट्टा करत नाहीये.