परीक्षेची फी, तीन दिवसांची रजा आणि एक मेल

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. तिच्या कंपनीने स्वतःचे सर्व्हर बंद करून कामकाज ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, हलवले आहे. रोजचे काम त्यावरच चालते, म्हणून तिला ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड सोल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट’ ही परीक्षा द्यायची आहे. फी कंपनीने द्यावी आणि अभ्यासाला थोडी रजा मिळावी, अशी तिची इच्छा आहे. ती मॅनेजरला मेल लिहिते: ‘मला क्लाउड सर्टिफिकेशन करायचे आहे. माझ्या करिअरसाठी ते महत्त्वाचे आहे. कृपया फी आणि एक आठवड्याची रजा मंजूर करावी.’

अशा मेलला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तो नुसता पडून राहतो, कारण मॅनेजरला त्याचे पुढे काही करता येत नाही. पैसे मंजूर करणारा माणूस फायनान्समध्ये बसतो, रजेचा नियम एचआरकडे असतो, आणि दोघेही विचारणार: कोणती परीक्षा, किती रुपये, कोणत्या तारखा, त्या दिवसांत काम कोण बघणार, आणि नापास झाली तर? मेलमध्ये ही उत्तरे नसतील तर मॅनेजरला ती गोळा करत बसावे लागते. म्हणून हा मेल लिहायचा तो मॅनेजरला एक अक्षरही न बदलता पुढे पाठवता येईल असा. माझ्या मते या विनंतीचे यश बहुतेक एवढ्यावरच ठरते.

आधी पैशांचे बघू. या परीक्षेची फी 150 डॉलर आहे आणि भारतात त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 177 डॉलर. डॉलर 85 रुपयांना धरला तर ते 15,045 रुपये होतात. पण कंपनीचा क्लेम फॉर्म रुपयांत असतो, कार्डावर त्या दिवसाचा दर लागतो आणि बँक परकीय चलनाचे शुल्क वेगळे कापू शकते. म्हणून मेलमध्ये अंदाजी रक्कम देऊन पुढे लिहावे की प्रत्यक्ष रक्कम पावती आणि कार्डाच्या स्टेटमेंटप्रमाणे राहील. एवढे एक वाक्य असले की फायनान्स ‘हा दर कुठला’ म्हणून क्लेम परत पाठवत नाही. पावती कोणाच्या नावावर हवी, हेही फी भरण्याआधीच विचारून घ्यावे, नंतर नाव बदलून घेताना फार वेळ जातो. खिशातले पंधरा हजार दोन महिने अडकणे जड जात असेल तर कंपनीकडे व्हाउचर मागता येते. कंपनी परीक्षेचा कोड आधीच विकत घेते आणि कर्मचारी नोंदणी करताना तो वापरतो. त्या कोडला मुदत असते, तेवढी तारीख सांभाळावी लागते.

रजेचा प्रश्न जास्त नाजूक आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अध्ययन रजेचे स्वतंत्र नियम आहेत. खासगी कंपनीत तसा कायदेशीर हक्क नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला आठ नैमित्तिक रजा देतो, पुरेसे दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजाही देतो, पण अभ्यासाच्या रजेचा उल्लेख त्यात नाही. ती मिळते ती कंपनीच्या धोरणातून किंवा मॅनेजरच्या मर्जीतून. म्हणून मेल लिहिण्याआधी एचआरचे धोरण वाचावे आणि त्यात असलेलेच नाव वापरावे. धोरणात ‘लर्निंग लीव्ह’ असेल तर तीच मागावी. काहीच नसेल तर परीक्षेचा दिवस ऑन ड्युटी धरावा आणि बाकीचे दिवस आपल्या रजेतून घ्यावेत, असा प्रस्ताव द्यावा.

किती दिवस मागायचे, हे अभ्यासाच्या आखणीवरून ठरते. एक आठवडा मागितला की मॅनेजरला वाटते, सगळा अभ्यास त्या आठवड्यातच होणार. खरे तर ही परीक्षा वर्षभर क्लाउडवर काम केलेल्या माणसाला गृहीत धरते. 130 मिनिटांत 65 प्रश्न असतात आणि बरेचसे प्रश्न एखादी अडचण सांगून चारांपैकी योग्य मार्ग निवडायला लावतात. पाठांतराने ते सुटत नाहीत. सहा आठवडे संध्याकाळी अभ्यास आणि शेवटी दोन दिवस पूर्ण वेळ लावून सराव परीक्षा, अशी आखणी दाखवली तर तीन दिवसांची रजा समजण्यासारखी वाटते.

तारखा निवडताना मॅनेजरचे कॅलेंडर आपल्या कॅलेंडरआधी बघावे. गणपतीत निम्मी टीम कोकणात असते, दिवाळीत तीच गत, आणि रिलीजच्या आठवड्यात कोणालाच सोडता येत नाही. पैशांच्या बाजूने मार्च वाईट, कारण बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाचे बजेट एप्रिल ते मार्च असे चालते आणि वर्षाअखेरीस ते संपलेले असते किंवा गोठवलेले असते.

हे सगळे धरून त्या इंजिनिअरने लिहिलेला दुसरा मेल असा असू शकतो. तिच्या ऑफिसात तो इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देतो.

विषय: एडब्ल्यूएस असोसिएट परीक्षा, 21 ऑगस्ट – फी आणि तीन दिवसांच्या रजेसाठी मंजुरी

‘नमस्कार मॅडम,

मी शुक्रवार, 21 ऑगस्ट रोजी सोल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट ही परीक्षा देऊ इच्छिते. फी करासह 177 डॉलर, म्हणजे अंदाजे 15,000 रुपये आहे. पास झाल्यावर पावती आणि स्टेटमेंट जोडून क्लेम करीन. पहिल्या प्रयत्नात पास झाले नाही तर पहिली आणि दुसऱ्या प्रयत्नाची फी मी स्वतः भरीन.

19 आणि 20 ऑगस्ट अभ्यासासाठी आणि 21 ऑगस्ट परीक्षेसाठी रजा हवी आहे. बाकी अभ्यास 10 जुलैपासून ऑफिसच्या वेळेबाहेर करते आहे. 28 ऑगस्टच्या रिलीजमधले माझे काम 18 ला संध्याकाळपर्यंत पूर्ण करून हँडओव्हर देईन. त्या आठवड्यातली ऑन-कॉल पाळी बदलून घेतली आहे. ज्यांच्याशी बदलली त्यांना या मेलची प्रत जोडली आहे.

परीक्षेचा 20 टक्के भाग खर्च कमी करणाऱ्या रचनेचा आहे. आपले टेस्ट सर्व्हर आठवडाभर चालू राहतात. सप्टेंबरअखेर ते ऑफिसच्या वेळेबाहेर आपोआप बंद होतील अशी व्यवस्था मी करून देईन.

31 जुलैपर्यंत मंजुरी मिळाली तर ही तारीख बुक करता येईल.’

या मेलमधला सर्वांत वजनदार भाग शेवटून दुसरा परिच्छेद आहे. त्याचा हिशेब कोणालाही तपासता येतो. आठवड्यात 168 तास असतात. टेस्ट सर्व्हर सोमवार ते शुक्रवार रोज बारा तास लागत असेल तर खरा वापर 60 तासांचा. उरलेले 108 तास, म्हणजे जवळजवळ 64 टक्के वेळ, तो रिकामा चालतो आणि तासावर भाडे लावणाऱ्या सर्व्हरचे पैसे चालूच राहतात. मात्र बिल 64 टक्क्यांनी उतरेल असे लिहू नये. सर्व्हर बंद केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे सुरूच राहते, आणि वर्षभराचा करार करून स्वस्तात घेतलेला सर्व्हर बंद ठेवून काहीच वाचत नाही. मॅनेजरला हे माहीत असते. फुगवलेला आकडा दिसला की तिचा उरलेल्या मेलवरचाही विश्वास उडतो. ‘माझे ज्ञान वाढेल’ असे लिहिण्यापेक्षा आपल्याच ऑफिसातले एक ठरावीक काम आणि त्याची तारीख लिहिणे कितीतरी परिणामकारक ठरते.

कंपनी ॲमेझॉनची अधिकृत पार्टनर असेल तर आणखी एक मुद्दा जोडता येतो. पार्टनर कंपन्यांच्या वरच्या श्रेणींसाठी ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक कर्मचारी लागतात. कोणी नोकरी सोडली की ती संख्या घटते, आणि मग कंपनीला स्वतःहून उमेदवार शोधावे लागतात. अशा वेळी फी मागणाऱ्याचे काम फार सोपे होते.

नापास होण्याबद्दल मेलमध्ये लिहायला लोक कचरतात. मला ते लिहिणे अत्यावश्यक वाटते. 1000 पैकी 720 गुण लागतात. ते मिळाले नाहीत तर चौदा दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. फायनान्सला भीती असते ती या दुसऱ्या फीची. पहिल्या फीची एवढी नसते. ती जबाबदारी आधीच स्वतःवर घेतली की त्यांचा मोठा आक्षेप संपतो. पण सगळे ओझे आपणच उचलले पाहिजे असेही नाही. धोरणात पहिला प्रयत्न निकाल काहीही लागला तरी कंपनीच्या खर्चाने होत असेल तर तेच मागावे. पास झाल्यास पुढच्या परीक्षेत 50 टक्के सवलत मिळते, हेही एका ओळीत सांगण्यासारखे आहे. उलट बाजूने कंपनी अट घालू शकते की वर्षभरात नोकरी सोडली तर फी परत करावी लागेल. ती अट लेखी घ्यावी आणि मुदत फी मिळाल्यापासून मोजायची की निकालापासून, हे स्पष्ट करून घ्यावे.

मंजुरी मिळाल्यावरही पैसे बुडण्याच्या दोन जागा उरतात. पहिली नावाची. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळलेच पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नसते, लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि ऑफिसच्या खात्यात दुसरे असते. केंद्रावर प्रवेश नाकारला तर फी जाते, आणि न दिलेल्या परीक्षेचा क्लेम कोणी मंजूर करत नाही. दुसरी जागा तारखेची. परीक्षा पुढे ढकलता येते, पण 24 तास आधीपर्यंत आणि तीही दोनदाच. आदल्या रात्री प्रॉडक्शन कोसळले आणि मॅनेजरने बोलावले तर काय, हे मंजुरीच्या वेळीच बोलून ठेवावे: कामासाठी परीक्षा बुडाली तर ती फी कंपनीची.

एक सोय मात्र अनेकांना ठाऊकच नसते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराला इंग्रजी परीक्षेसाठी 30 मिनिटे जादा मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी ती जरूर घ्यावी, कारण लांबलचक प्रश्न वाचण्यातच त्यांचा वेळ जातो. अट एवढीच की ही विनंती परीक्षा बुक करण्याआधी आपल्या खात्यातून करावी लागते. बुक केल्यानंतर ती त्या परीक्षेला लागू होत नाही.

आणि मॅनेजर म्हणाल्या की या तिमाहीत पैसे नाहीत, तर विनंतीचे दोन तुकडे करावेत. फी पुढच्या तिमाहीत, किंवा एप्रिलच्या नव्या बजेटात, आणि रजा आत्ता. तीन दिवसांची रजा मॅनेजर स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात, त्यासाठी त्यांना फायनान्सला विचारावे लागत नाही. फी आधी स्वतः भरायची तयारी असेल तर एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: आज भरलेल्या पावतीचा क्लेम पुढच्या आर्थिक वर्षात चालेल का? पुष्कळ कंपन्यांत तो चालत नाही, आणि तसे असेल तर परीक्षेची तारीखच एप्रिलमध्ये घेतलेली बरी.