आजी पुढे, बाजार मागे

दादर पश्चिमेच्या फुलबाजारात भल्या पहाटे कॅमेरा घेऊन गेलं की फोटोंना तोटा नसतो. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर बघताना मात्र हिरमोड होतो. समजा, हार ओवत बसलेल्या एका आजींचा फोटो आहे. फिक्या जांभळ्या रंगाचं लुगडं, पांढरे केस, मांडीवर अर्धा झालेला झेंडूचा हार. काढताना आपल्याला फक्त आजी दिसत होत्या. फोटोत दिसतात ते मागचे केशरी-पिवळे ढीग, निळी ताडपत्री, लोंबकळणारा बल्ब, पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. या सगळ्यात आजी कुठेतरी आहेत.

अशा वेळी बहुतेक जण आजींना कापून वेगळं काढतात आणि मागचं सगळं धूसर करून टाकतात. केसांच्या बटा आणि सुईचा दोरा त्या कापाकापीत हमखास जातात, आणि बाजार तर पुसलाच जातो. मग दादरला जायचं कशाला? काही जण अख्ख्या फोटोचे रंग कमी करून बघतात. त्यात अडचण अशी की आपल्या त्वचेचा रंग मुळात केशरीच्या कुटुंबातला. झेंडूचा केशरी उतरवायला गेलं की आजींचा चेहरा राखेसारखा होतो.

उरतो तिसरा मार्ग: फोटोच्या ठरावीक भागापुरताच उजेड आणि रंग उतरवणं. संगणकाच्या कितीतरी आधीपासून छायाचित्रकार हे करत आले आहेत. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद ठेवला, की जो भाग गडद हवा त्यावर थोडा जास्त वेळ उजेड पडू द्यायचा आणि बाकीचा भाग हाताने किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्याने झाकायचा. याला ‘बर्न करणं’ म्हणतात. अॅन्सेल अॅडम्स यांचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे 1941 साली टिपलेलं प्रसिद्ध छायाचित्र घ्या. त्यांनी पुढे काढलेल्या प्रतींमध्ये आकाश जवळजवळ काळं आहे. सुरुवातीच्या प्रतींत ते बरंच उजळ होतं. निगेटिव्ह एकच, फरक सगळा छपाईतला. झाकणारा हात सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर कागदावर कड उमटे. आज त्या हलत्या हाताचं काम ‘फेदर’ नावाची पट्टी करते.

आपली नजर फोटोत आधी कुठे जाते? जिथे सर्वांत जास्त उजेड आहे, जिथे उजेड-अंधाराची कड ठसठशीत आहे, जिथे रंग भडक आहे तिथे. शिवाय चेहरे आणि अक्षरं तिला ओढून नेतातच. आजींच्या फोटोत चेहरा आहे, पण उजेड, कड आणि रंग या तिन्हींत मागचा पसारा पुढे. म्हणून तो घालवायचा नाही, या तिन्हींत आजींपेक्षा एक पायरी खाली आणायचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मागचा भाग नुसता काळवंडला तर रंग शांत होत नाहीत, उलट गडद आणि दाट दिसू लागतात. काळोखातला झेंडू जास्तच पेटतो. नुसते रंग उतरवले तर मागे फिकट, राखाडी, पावडर लावल्यासारखा थर उरतो आणि तो उजळ असल्यामुळे नजर पुन्हा तिकडेच वळते. म्हणून दोन्ही करायचं, पण दोन्ही थोडं थोडं.

लाइटरूममध्ये हे असं करता येईल. आजींभोवती एक लंबगोल ‘रेडियल’ मास्क ओढायचा आणि तो उलटा करायचा, म्हणजे बदल लंबगोलाच्या बाहेर लागू होतो. लंबगोल डोक्यापासून मांडीवरच्या हारापर्यंत ऐसपैस घ्यायचा आणि फेदर 75 च्या आसपास ठेवायचं. मग एक्स्पोजर उणे 0.7. एक्स्पोजरचा एक पूर्ण आकडा खाली म्हणजे उजेड निम्मा, तेव्हा उणे 0.7 ही भरपूर मोठी उडी झाली. हायलाइट्स उणे 40, म्हणजे पिशव्यांची चकाकी बसते. सॅच्युरेशन उणे 30. कॉन्ट्रास्ट उणे 15, म्हणजे मागच्या कडा बोथट होतात. हे आकडे सुरुवातीपुरते. फोटो बदलला की तेही बदलतील.

एवढ्याने बाजार मागे सरकतो, पण ताडपत्री सरकत नाही. तिचा निळा झेंडूच्या केशरीच्या नेमका विरुद्ध असतो आणि शेजारी शेजारी असले की दोघंही एकमेकांना चढवतात. म्हणून तिच्यासाठी वेगळा ब्रश घ्यायचा: सॅच्युरेशन उणे 50, एक्स्पोजर उणे 0.4 आणि फ्लो 30 च्या आसपास, म्हणजे एकावर एक हात देत हळूहळू परिणाम वाढवता येतो. चालणाऱ्यांच्या पायांवरही हाच ब्रश एकदा फिरवायचा. संगणकावर ‘ओ’ ही कळ दाबली की मास्क कुठे कुठे लागला आहे ते लाल रंगात दिसतं. ही सवय लावून घ्यावी, कारण ब्रश आपल्याला वाटतो तिथेच थांबत नाही.

आता खरं नाजूक काम. मांडीवरचा हार आणि मागचा ढीग, दोन्ही झेंडूच. हार लखलखीत केशरी आणि हातभर मागे असलेला ढीग मातकट, असं झालं की बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नसेल, पण फोटो खोटा वाटतो. एकाच टोपलीतली फुलं दोन ऋतूंतली दिसतात. म्हणून आजींच्या गुडघ्यालगतचा ढीग मास्कमधून अर्धवट वगळायचा. ‘सबट्रॅक्ट’चा ब्रश मऊ ठेवून एक-दोन हात मारले की रंग हारापासून मागे जाताना क्रमाक्रमाने विझतो. जमिनीचंही तसंच. आजी ज्या गोणपाटावर बसल्या आहेत त्याचा त्यांच्यालगतचा भाग त्यांच्याइतकाच उजळ राहायला हवा, आणि त्यावर पडलेली त्यांची सावलीही. ही जमीन काळी केली की आजी तिथे बसलेल्या न दिसता चिकटवलेल्या दिसतात, आणि कापून काढलेल्या फोटोचा दोष न कापताच येतो.

चेहऱ्याला शेवटी हात लावायचा आणि तोही जेमतेम: एक्स्पोजर 0.2 वर, बस्स. मागचं खाली आल्यामुळे चेहरा आधीच उठलेला असतो. इथे हात सैल सोडणारे पुष्कळ, आणि मग आजींच्या तोंडावर टॉर्च मारल्यासारखा फोटो होतो.

बिघडलं कुठे ते ओळखायला पांढऱ्या केसांची कड बघावी. केसांभोवती उजेडाचं वलय दिसलं तर मास्क डोक्यापासून फार दूर थांबला आहे. कान आणि केस मळकट दिसले तर तो आत घुसला आहे. पहिल्या वेळी लंबगोल लहान करायचा किंवा फेदर वाढवायचं, दुसऱ्या वेळी कडेचा भाग वगळायचा. दुसरी खूण उजेडाच्या दिशेची. आजींच्या गालावर उजेड डावीकडून येतोय आणि आपण डावीकडची पार्श्वभूमी उजवीपेक्षा काळी केली, तर तो उजेड आला कुठून? तेव्हा डावी बाजू थोडी कमी उतरवावी. आणि फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघावा. एवढ्या लहान आकारात नजर आधी चेहऱ्यावर गेली तर काम झालं. काळं वर्तुळ आधी दिसलं तर सगळे आकडे निम्म्यावर आणावेत.

काही गोष्टी मात्र याने सुटत नाहीत. बल्ब फोटोत पार पांढराफट्ट झाला असेल, तर त्या जागी कॅमेऱ्याने काही माहितीच साठवलेली नसते. तो भाग गडद केला की उजेड कमी होत नाही, पांढऱ्याचा करडा डाग होतो. ‘रॉ’ फाइल असेल तर थोडंफार परत मिळू शकतं, जेपेगमध्ये काहीच नाही. बल्ब काठाशी असेल तर सरळ कातरावा. नसेल तर आहे तसा राहू द्यावा. पेटलेला बल्ब पांढराच असतो आणि बघणाऱ्याला ते ठाऊक असतं.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी स्नॅपसीडमधलं ‘सिलेक्टिव्ह’ वापरून बघावं. ताडपत्रीवर बोट टेकवून एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठं करायचं आणि ब्राइटनेस व सॅच्युरेशन खाली ओढायचं. वर्तुळातल्या त्या बिंदूसारख्या रंगावरच मुख्यतः परिणाम होतो, त्यामुळे ताडपत्री उतरते आणि तिच्या पुढ्यातला हात बराचसा वाचतो. झेंडूच्या ढिगावर बिंदू ठेवताना मात्र वर्तुळात चेहरा येऊ देऊ नये, कारण केशरीचं ते नातं इथेही आडवं येतं.

घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत किती काळोख करायचा ते आपलं आपण ठरवावं. बातमीच्या फोटोत तसं नाही. अमेरिकेतल्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाच्या एका छायाचित्रकाराला मिळालेली तीन पारितोषिकं तिथल्या राज्यस्तरीय वृत्तछायाचित्रकार संघटनेने 2003 मध्ये परत घेतली. फोटोतली पार्श्वभूमी गरजेपेक्षा जास्त गडद केली, असा आक्षेप होता. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेच्या नियमांतही हेच आहे: उजेड, कॉन्ट्रास्ट किंवा रंग बदलून मागची माणसं वा वस्तू दिसेनाशा करता येत नाहीत. आजींच्या फोटोला ही मोजपट्टी लावायची तर मागचे पाय मोजता यायला हवेत आणि ताडपत्री ताडपत्री म्हणून ओळखू यायला हवी. मला विचाराल तर ही मर्यादा बातमीबाहेरही पाळावी. बाजार दिसेनासा झाला की आजी कुठल्याही स्टुडिओत बसलेल्या असू शकतात.

हा फोटो छापायचा असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून पडद्यावर नेमका वाटलेला काळोख छपाईत जास्त दाट येतो. छपाईच्या प्रतीत मागच्या मास्कचं एक्स्पोजर उणे 0.7 वरून उणे 0.4 वर आणा, आधी लहान आकारात एक प्रत काढून बघा आणि मगच मोठी छपाई सांगा.