थट्टा मोजायची कुणाच्या बाजूने?

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वाद्यं वाजत असतात, बघ्यांची गर्दी लोटलेली असते, आणि कुणी फारच आवेशात पुढे सरकलं तर आवरायला पोलीसही असतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. त्यामागे दोन सवतींच्या भांडणाची दंतकथा सांगितली जाते. त्या दिवशी जे शब्द हसत हसत झेलले जातात, तेच इतर कुठल्याही दिवशी नळावर कुणी उच्चारले तर दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होईल.

शब्द तेच असतील, तर फरक पडतो कशाने? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संकुलात पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन संशोधकांनी याचं एक उत्तर मांडलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे 'बेनाइन व्हायोलेशन थिअरी' हे नाव सर्वतोमुखी झालं. आपण त्याला निरुपद्रवी मर्यादाभंगाचा सिद्धांत म्हणू. त्याचा गाभा सरळ आहे. हसू येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. काहीतरी मोडलं जातंय असं वाटलं पाहिजे: नीतीचा नियम, शिष्टाचार, भाषेची रीत, कुणाचा मान. त्याच वेळी, त्यात खरं नुकसान नाही असंही वाटलं पाहिजे. आणि ही दोन्ही वाटणी एकाच क्षणी मनात असली पाहिजेत. मर्यादा मोडलीच नाही तर बोलणं अळणी होतं. मोडली आणि नुकसानही दिसलं तर राग येतो, किळस येते किंवा डोळ्यांत पाणी येतं.

गुदगुल्यांचं उदाहरण या मंडळींना फार आवडतं, आणि ते आहेही नेमकं. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण स्वतःच्या हाताकडून हल्ला होत नसतो. बहिणीने केल्या तर हसून पुरेवाट होते. बसमधल्या अनोळखी माणसाने केल्या तर आपण किंचाळतो.

नुकसान नाही असं मनाला कशामुळे वाटतं, हा यातला खरा कळीचा भाग. मॅग्रॉ आणि वॉरन तीन वाटा सांगतात. पहिली: एक नियम मोडला जात असताना दुसरा नियम 'हे चालतं' असं सांगतो. बोरीच्या ओढ्यावर हेच घडतं. शिवी देऊ नये हा नियम मोडतो, पण आज शिवी द्यायचीच असते, ही रीत त्याला झाकून घेते. शिमग्याच्या बोंबांनाही अशीच परवानगी असते. दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांच्यातल्या थट्टेलाही नात्याचाच परवाना असतो. अशा नात्यांवर मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या मते या नात्यांत समोरच्याने अपमान मनावर घ्यायचा नसतो, हाच त्या नात्याचा भाग असतो.

दुसरी वाट जरा अडचणीची आहे. जो नियम मोडला जातो त्याच्याशी आपली बांधिलकीच कमी असेल, तरीही हसू येतं. २०१० च्या निबंधातल्या एका प्रयोगात लोकांना एक गोष्ट वाचायला दिली होती: नवे सभासद मिळावेत म्हणून एका चर्चने सोडत काढली आणि बक्षीस म्हणून एक अवाढव्य, महागडी 'हमर' गाडी ठेवली. यात काहीतरी खटकतं, असं चर्चला जाणाऱ्यांनाही वाटलं आणि न जाणाऱ्यांनाही. पण हसू जास्त आलं ते न जाणाऱ्यांना. चर्चचं पावित्र्य ही ज्यांची स्वतःची गोष्ट होती, त्यांना ते मोडताना बघून गंमत वाटणं अवघड गेलं.

मला हा प्रयोग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण क्रूर हसण्याचं गुपितही त्यातच आहे. लग्नाच्या पंगतीत एखाद्या मुलीच्या रंगावरून कुणी शेरा मारतं आणि चार माणसं खो-खो हसतात. ती सगळीच दुष्ट असतात असं नाही. पण 'या मुलीचा मान राखला पाहिजे' हा नियम त्यांच्या मनात इतका सैल बांधलेला असतो की तो सुटला तरी त्यांना कुठे लागत नाही. तिला लागतं, कारण तो मान तिचा असतो. तोतरं बोलणाऱ्याची नक्कल, बायकोवरचे ठराविक विनोद, एखाद्या जातीच्या बोलीची खिल्ली, या सगळ्यांचं गणित हेच. म्हणून सभागृह हसलं एवढ्यावरून थट्टा निरुपद्रवी ठरत नाही. ती फक्त हसणाऱ्यांपुरती निरुपद्रवी असते.

तिसरी वाट अंतराची: काळाचं, जागेचं, नात्याचं. २०१२ च्या एका अभ्यासात या संशोधकांनी विचारलं, गाडीने ठोकरलं जाणं केव्हा जास्त विनोदी वाटेल, काल घडलं असेल तर की पाच वर्षांपूर्वी? बहुतेकांनी पाच वर्षं निवडली. पण पायाचं बोट ठेचकाळल्याबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर उलटं आलं. कालची ठेच गमतीची, पाच वर्षांपूर्वीची कुणाला आठवते? म्हणजे मोठ्या घावाला अंतर लागतं आणि छोट्याला जवळीक. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी चक्रीवादळ आदळलं. त्यावरचे तेच ते विनोद वेगवेगळ्या आठवड्यांत लोकांना दाखवल्यावर दिसलं, की विध्वंस ताजा असताना ते फारसे रुचले नाहीत, साधारण महिनाभराने सर्वांत जास्त हसवून गेले आणि पुढे शिळे झाले.

या तिन्ही वाटा एकाच टोमण्यावर तपासून बघायच्या असतील, तर २७ मार्च २०२२ ची लॉस एंजेलिसमधली ऑस्करची रात्र घ्यावी. विनोदकार ख्रिस रॉक माहितीपटाचा पुरस्कार द्यायला मंचावर आला होता. समोर अभिनेता विल स्मिथ आणि त्याची पत्नी जेडा पिंकेट स्मिथ बसले होते. जेडाच्या डोक्यावर केस अगदी बारीक कापलेले. रॉक तिला उद्देशून म्हणाला, की 'जी. आय. जेन'च्या पुढच्या भागाची आपण वाट बघतोय. १९९७ च्या त्या चित्रपटात डेमी मूरने नौदलाच्या खडतर प्रशिक्षणातल्या स्त्रीची भूमिका करताना डोकं भादरलं होतं.

प्रेक्षागृहातले बरेच जण हसले. त्यांच्या बाजूने सगळं जुळत होतं. कुणाच्या दिसण्यावर बोलू नये हा नियम मोडला, पण ऑस्करच्या मंचावर विनोदकाराने ताऱ्यांची टर उडवायची, ही रीत त्याला झाकत होती. शिवाय तुलना एका खंबीर नायिकेशी. पण जेडाने चेहऱ्यावर नापसंती दाखवत डोळे फिरवले. तिला केस गळण्याचा विकार आहे आणि २०१८ पासून ती त्याबद्दल जाहीरपणे बोलत आली होती. तिच्यासाठी हे हौसेने केलेल्या केशरचनेवर बोलणं नव्हतं, दुखणं होतं, आणि दुखण्यावर बोट ठेवायला मंचाची रीत पुरत नाही. त्यातच आणखी एक जुना धागा होता. २०१६ च्या ऑस्करचं सूत्रसंचालन करताना रॉकने तिची टर उडवली होती. परक्याने मारलेला टोमणा आणि जुनी खोडी असलेल्याने मारलेला टोमणा सारखा लागत नाही.

विल स्मिथ सुरुवातीला हसताना कॅमेऱ्यात दिसला. पुढच्या काही क्षणांत तो उठला, मंचावर गेला आणि त्याने रॉकच्या थोबाडीत मारली. आता गंमत अशी, की ती थोबाडीत बघूनही काही जण हसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असणार. मारहाण हा मर्यादाभंग होताच, पण 'नाटक आहे' या समजुतीने तो निरुपद्रवी झाला. मग जागेवर परत येऊन स्मिथ जे ओरडला, त्यात अभिनय नाही हे सर्वांना कळलं आणि हशा विरला. थप्पड तीच होती, तिच्यावरचं आवरण तेवढं गळून पडलं.

अशा वेळी टोमणा मारणाऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं: 'अहो, गंमत केली!' त्याला आपला हेतू आतून दिसत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही दिसलाच असेल असं तो गृहीत धरतो. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. चिडवणाऱ्यांना आपलं चिडवणं जितकं खेळकर वाटत होतं तितकं ते चिडवल्या गेलेल्यांना वाटत नव्हतं. वास्तविक आपण प्रत्येक जण दोन्ही बाजूंना बसलेलो असतो. तरीही चिडवण्याची पाळी आली की दुसऱ्या बाजूचा अनुभव उपयोगी पडत नाही. मर्यादाभंगाच्या सिद्धांतात हेतूला स्वतंत्र खुर्ची नाही. ऐकणाऱ्याला तो जेवढा जाणवला, तेवढाच धरायचा. सूर, डोळ्यांची मिचकावणी, मुद्दाम केलेली अतिशयोक्ती, या खुणांवरच तो ओळखला जातो. लेखी निरोपात या खुणा गळतात, म्हणून समोरासमोर पचलेली थट्टा तिथे बोचते.

सिद्धांताच्या मर्यादाही आहेत. अमुक बोलणं निरुपद्रवी का वाटलं हे तो नंतर छान समजावतो, आधी सांगायला मात्र कचरतो. 'हसू आलं म्हणजे निरुपद्रवी वाटलं असणार' असं म्हणत गेलं, तर कुठलाच पुरावा त्याला खोटा पाडू शकत नाही, ही टीका रास्त आहे. सत्ता आणि उलट बोलण्याची मुभा यांचा हिशोब त्याच्या तीन वाटांत थेट नाही. माझ्या मते तो जोडायला हवा. बोरी-सुखेडच्या बायकांपैकी प्रत्येकीला पलीकडे उत्तर देता येतं, दोन्ही काठ सारख्याच उंचीवर असतात. जेडाकडे माइक नव्हता. साहेबाने शिपायाला मारलेल्या शेऱ्यावर शिपाई हसतो, पण तसाच शेरा तो साहेबाला परत मारू शकेल का, हे बघितलं की त्या हसण्यात गंमत किती आणि नोकरी किती ते कळतं.

थोबाडीत खाल्ल्यानंतर जवळजवळ वर्षभराने, मार्च २०२३ मध्ये, रॉकने बाल्टिमोरमधून थेट प्रसारित झालेल्या आपल्या एकपात्री कार्यक्रमात त्या रात्रीवर विनोद केले. मार त्याने खाल्ला होता, मध्ये अंतरही पुरेसं पडलं होतं, प्रेक्षक त्याचेच होते. टाळ्या मिळाल्या. पण त्यातले बरेच बाण पुन्हा विल आणि जेडाच्या दिशेने सुटले होते, आणि बघणाऱ्यांपैकी काहींना तो विनोद कमी आणि न शमलेला राग जास्त वाटला.