टक्के-तासांत मोजलेलं आयुष्य

अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरचं एखादं पॅनल उघडलं, की आत फिल्मरोलच्या डबीएवढी एक वस्तू दिसते. तिला ऑक्सिजन सेल म्हणतात. रुग्णाला जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे, ते ही डबी सांगते. तिच्यासाठी बाहेरून वीज लागत नाही, कारण ती स्वतःच एक बॅटरी आहे. आणि या बॅटरीला चालवणारं इंधन म्हणजे ती जो मोजते तो ऑक्सिजनच.

आतली रचना अगदी साधी असते. एका बाजूला टेफ्लॉनचा अतिशय पातळ पडदा असतो, त्यातून ऑक्सिजन हळूहळू झिरपत आत येतो. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि शिशाचा तुकडा असतो. ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो, शिसं ते पुरवतं आणि पुरवता पुरवता स्वतः शिशाचं ऑक्साइड होऊन बसतं. म्हणजे शिसं गंजतं, आणि त्या गंजण्यातून जो क्षीण प्रवाह निघतो तेच आपलं मोजमाप. ऑक्सिजन जितका जास्त, तितका गंज जास्त आणि तितका प्रवाहही जास्त. मशीनच्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘60 टक्के’ या आकड्यामागे गंजणारं शिसं असेल, अशी कल्पनाही आपण करत नाही.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. या सेलचं आयुष्य महिन्यांत मोजून भागत नाही. ते टक्के-तासांत मोजावं लागतं, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण गुणिले तास. एखाद्या सेलला 10 लाख टक्के-तासांचं आयुष्य दिलेलं आहे असं धरू. साध्या हवेत, म्हणजे 21 टक्क्यांत, नुसता पडून राहिला तर तो हिशेबाने पाच वर्षांवर टिकेल. 60 टक्क्यांवर सतत चालवला तर 23 महिन्यांच्या आसपास संपेल, आणि 100 टक्क्यांवर 10,000 तासांत, म्हणजे चौदा महिन्यांच्या आतच. प्रीपेड सिमचा बॅलन्स बोलण्यावर कापला जातो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे फोन बंद ठेवला तरी थोडा कापला जातोच. म्हणून नवे सेल हवाबंद पाकिटात येतात आणि त्यांचं घड्याळ पाकीट फोडलं की सुरू होतं. कोविडच्या काळात व्हेंटिलेटर आठवडेच्या आठवडे 80-100 टक्क्यांवर चालत होते. त्यांचे सेल नेहमीच्या वेळापत्रकाआधी का संपत असतील, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

आता लॉगबुकाकडे येऊ. रुग्णालयातल्या बायोमेडिकल विभागात प्रत्येक मशीनची एक नोंद असते. मशीनचा सीरियल नंबर, पीएमची तारीख, पुढची तारीख, काय तपासलं, काय बिघडलं, कोणी पाहिलं. पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, बिघडण्याआधीच करायची देखभाल. बऱ्याच ठिकाणी ‘ऑक्सिजन सेल’ या ओळीसमोर एकच शब्द दिसतो: ओके. माझ्या मते संपूर्ण वहीत याहून निरुपयोगी शब्द नसेल.

का, ते एका उदाहरणाने पाहू. एका सेलचे मिलिव्होल्ट दर पीएमला लिहून ठेवले आहेत अशी कल्पना करा. काही मशीनच्या सर्व्हिस मेनूत हा आकडा दिसतो, नाहीतर मीटरने घेता येतो. पहिल्या जानेवारीत साध्या हवेत 12.4 आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये 59.2. हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधारण 4.8 पट आकडा यायला हवा. तो तसाच आला. जुलैत 12.3 आणि 58.6. पुढच्या जानेवारीत 12.1 आणि 56.0. एप्रिलमध्ये 11.9 आणि 51.2.

फक्त हवेतले आकडे पाहा: 12.4, 12.3, 12.1, 11.9. सेल ठणठणीत वाटतो. कुणीही ‘ओके’ लिहून पुढच्या मशीनकडे वळेल. पण दुसऱ्या रकान्यात काय चाललंय? एप्रिलमध्ये 11.9 च्या हिशेबाने 57 च्या जवळ यायला हवं होतं, आले 51. सेल दहा टक्के कमी पडला. कारण उरलेलं शिसं इतकं थोडं झालंय, की हवेतल्या ऑक्सिजनपुरता प्रवाह ते देऊ शकतं, पण पाचपट मागणी आली की दमतं. शेवटाकडे आलेला ऑक्सिजन सेल असाच असतो. सोप्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतो आणि अवघड प्रश्नावर अडखळतो. म्हणून तपासणी दोन ठिकाणी करावी लागते, एक हवेत आणि एक शुद्ध ऑक्सिजनमध्ये.

असा दमलेला सेल तसाच राहिला तर पुढे काय होतं, हे कॅलिब्रेशन कसं केलं यावर अवलंबून आहे. फक्त हवेवर कॅलिब्रेट केला तर शुद्ध ऑक्सिजन चालू असताना मशीन नव्वदच्या आसपास दाखवतं आणि अलार्म वाजत राहतो. रुग्णाला ऑक्सिजन पुरेसा मिळतोय, पण सिस्टर वैतागून अलार्मची मर्यादा खाली आणतात, आणि खरोखरच सिलिंडर संपेल त्या दिवशी तो वेळेवर वाजत नाही. दोन्ही टोकांवर कॅलिब्रेट केला तर गंमत उलटी. दोन टोकं तर जुळतात, पण मधला भाग फुगतो. प्रत्यक्षात 60 टक्के ऑक्सिजन असताना मशीन 65-66 दाखवू शकतं. मला यातलं दुसरं जास्त भयंकर वाटतं, कारण तिथे अलार्मच नाही.

जाता जाता: हा सेल खरं तर टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा दाब मोजतो. महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो, त्यामुळे मुंबईत 12.4 देणारा सेल तिथे साडेदहा देईल आणि तरी निरोगीच असेल. म्हणून आकडा त्याच ठिकाणच्या मागच्या आकड्याशीच ताडायचा. काही व्हेंटिलेटरमध्ये अल्ट्रासॉनिक किंवा पॅरामॅग्नेटिक सेन्सर असतात. पॅरामॅग्नेटिक सेन्सर ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो या गुणावर चालतात. अशा सेन्सरमध्ये शिशासारखं खर्च होणारं काही नसतं, त्यामुळे त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

ऑक्सिजन सेलचं दुखणं दुसऱ्या रकान्यात सापडलं. इन्फ्युजन पंपांची वही वाचताना मात्र रकान्यांपेक्षा ओळींमध्ये शोधावं लागतं. सिरिंज पंप घ्या. 50 मिलिची सिरिंज त्यात आडवी बसते आणि मोटर दट्ट्या हळूहळू ढकलते. तासाला एक मिलि औषध द्यायचं असेल तर दट्ट्या तासभरात साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटर सरकतो. एवढ्या संथ चालीवर रुग्णाचा रक्तदाब टिकून असतो. पण पंप औषध मोजत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तो फक्त दट्ट्या किती सरकला ते मोजतो आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून औषध किती गेलं असेल याचा हिशेब करतो. व्यास त्याला कसा कळतो? मेनूमध्ये आपण सिरिंजचा ब्रँड निवडतो, त्यावरून.

दोन ब्रँडच्या 50 मिलिच्या सिरिंज शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. पण एकीचा आतला व्यास 26.7 मिलिमीटर आणि दुसरीचा 29 असू शकतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे मेनूत पहिली निवडून दुसरी बसवली तर सुमारे 18 टक्के जास्त औषध जाईल. पडद्यावर तासाला 5 मिलि आणि नळीत 5.9. नॉरअॅड्रिनॅलिनसारख्या औषधाला एवढा फरक पुष्कळ झाला.

आता अशी कल्पना करा. आयसीयूतून तक्रार येते, पंप जलद चालतोय. बायोमेडिकल इंजिनीअर पंप नेतो. त्याच्याकडच्या सिरिंजने तासाला 20 मिलिवर चालवतो आणि बाहेर येणारं पाणी तराजूवर धरतो. एक मिलि पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे तासाभरात 20 ग्रॅम यायला हवेत. 19.8 आले, म्हणजे पाच टक्क्यांच्या नेहमीच्या मर्यादेत. वहीत नोंद होते, ‘दोष आढळला नाही’. पाच दिवसांनी दुसऱ्या पंपाची तीच तक्रार, मग तिसऱ्याची. प्रत्येक पंपाची वही स्वतंत्र वाचली तर तीन निरोगी पंप आणि तीन त्रासलेल्या सिस्टर, एवढंच दिसतं. त्या ओळी एकाखाली एक ठेवल्या तर दिसतं, की पंप वेगळे, बेड वेगळे, तक्रार करणारे वेगळे, पण तारखा एकाच आठवड्यातल्या. पंपांची वयं वेगवेगळी असताना ते एकाच आठवड्यात मिळून म्हातारे होत नाहीत. म्हणजे पंपाबाहेर काहीतरी बदललंय. स्टोअरमध्ये विचारल्यावर कळतं, की त्याच आठवड्यात सिरिंजचा नवा ब्रँड आलाय. वॉर्डातली सिरिंज आणून तीच चाचणी केली, तर मेनूत जुना ब्रँड असताना तराजूवर 23.6 ग्रॅम.

इंजिनीअरने पहिल्याच तक्रारीत वॉर्डातली सिरिंज मागून घेतली असती तर हे त्या दिवशीच कळलं असतं. पण वहीत तसा रकानाच नव्हता. जबाबदार व्यक्तीच्या रकान्याचंही असंच आहे. तिथे एकच सही असेल तर ती दुरुस्ती करणाऱ्याची असते. खरं तर तीन नावं लागतात: तक्रार कुणी केली, तपासलं कुणी आणि पंप परत ताब्यात कुणी घेतला. पहिलं नाव नसेल तर ‘जलद’ म्हणजे नेमकं काय पाहिलं, हे विचारायचं कुणाला? सिरिंज लवकर रिकामी झाली, की रक्तदाब अचानक चढला? तिसरं नाव नसेल तर दुरुस्त होऊन आलेल्या पंपात सिरिंजचा ब्रँड आणि अलार्मची मर्यादा वॉर्डाच्या सवयीप्रमाणे पुन्हा लावली का, हे कुणीच पाहिलेलं नसतं. पीएमनंतर काही पंप कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातात, आणि तिथे भलताच ब्रँड निवडलेला असू शकतो.

या तीन पंपांच्या ओळींवर शेवटी ‘दोष आढळला नाही’ खोडून ‘सिरिंज ब्रँड चुकीचा निवडलेला, मेनूत बदलला’ असं लिहिलं गेलं, वॉर्डातल्या सगळ्याच पंपांची सेटिंग त्या दुपारी तपासली गेली, आणि स्टोअरला कळवण्यात आलं, की यापुढे सिरिंजचा ब्रँड बदलला तर वॉर्डात माल जाण्याआधी एक बॉक्स बायोमेडिकलला पाठवायचा.