मधली फरशी
चाळीतली गॅलरी सगळ्यांची असते, म्हणूनच दिवाळीत तिच्यावरून खटके उडतात. ही गोष्ट गिरगावातल्या अशाच दोन बिऱ्हाडांची. काकूंच्या कंदिलाच्या झिरमिळ्या शेजारच्या वहिनींच्या दारावर लोंबू लागल्या. वहिनींच्या पणत्यांचं तेल काकूंच्या उंबऱ्याशी सांडलं. बोलणं बंद झालं.

वसुबारसेला दोघी एकाच वेळी सारवायला बसल्या. मधली फरशी कोणाची? काकूंनी गेरूचा हात सरळ दोन्ही दारांपर्यंत फिरवला. "वहिनी, तुमचा ठिपक्यांचा कागद द्याल का? माझा फाटलाय."

गेरू पुरता वाळू द्यावा लागतो, नाहीतर रांगोळी ओल धरते आणि रेघ मळकट दिसते. माझ्या मते गोष्टीचा जीव या वाळण्याच्या वेळात आहे: तेवढ्यात तेलाचा विषय निघाला आणि मिटलाही.

मग उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद अंथरला. 11 ठिपके, 11 ओळी. दोघींनी दोन टोकांकडून सुरुवात केली. काकूंची रेघ जाड, वहिनींची बारीक. मधोमध जोड उघडा दिसू लागला. वहिनींनी चिमूट सैल केली, काकूंनी आवळली. संध्याकाळी कंदील हातभर सरकला आणि पणत्यांखाली ताटल्या आल्या.